सोमवारला क्रमांक का मिळत नाही?

आज बुधवार असेल तर १० दिवसांनी कोणता वार? सात दिवस सोडून द्यायचे, उरलेले तीन पुढे मोजायचे, उत्तर शनिवार. या हिशेबाला गणितात ‘पूर्णांक मॉड्युलो ७’ म्हणतात. रविवार म्हणजे ०, सोमवार १, शनिवार ६, आणि बेरीज सातपर्यंत पोचली की सात वजा. सातच्या जागी कोणताही n घेतला की Z/n तयार होतो. बेरीज-वजाबाकी करता येणाऱ्या अशा संचांना पूर्णांकांवरची मॉड्यूल म्हणतात. सगळे पूर्णांक मिळून होणारे Z हेही एक मॉड्यूलच.

आता एखाद्या रविवारला ० क्रमांक देऊन पुढचे-मागचे सगळे दिवस मोजले, तर प्रत्येक क्रमांकाला एक वार मिळतो. दोन क्रमांकांची बेरीज करून वार पाहा किंवा आधी वार पाहून मग त्यांची बेरीज करा, उत्तर एकच येतं. बेरीज राखणाऱ्या अशा फलनाला होमोमॉर्फिझम म्हणतात. ज्या क्रमांकांना रविवार मिळतो ते सगळे सातच्या पटीतले. म्हणजे डावीकडे सातच्या पटी, मध्ये सगळे पूर्णांक, उजवीकडे सात वार: डावीकडचं मॉड्यूल मधल्यात जसंच्या तसं बसतं, त्यातलं तेवढंच उजवीकडे शून्य होतं, आणि उजवीकडचा एकही वार वगळला जात नाही. अशा साखळीला ‘एक्झॅक्ट’ म्हणतात.

प्रश्न असा: एक मॉड्यूल M ठरवून घेतलं आणि साखळीतल्या प्रत्येक मॉड्यूलऐवजी M पासून त्याच्याकडे जाणारे सगळे होमोमॉर्फिझम मांडले, तर नवी साखळीही एक्झॅक्ट राहते का? या बदलाचं नाव Hom फंक्टर.

डावी बाजू शाबूत राहते, आणि त्यासाठी फारसं काही करावं लागत नाही. M पासून मधल्या मॉड्यूलकडे जाणारं एखादं फलन उजवीकडे पोचल्यावर शून्य होत असेल, तर त्याची एकूण एक किंमत डावीकडच्या भागातच असते. म्हणजे ते मुळात डावीकडे जाणारंच फलन. इथे कुठेही निवड करावी लागत नाही.

उजवीकडे मात्र निवड करावी लागते. M म्हणून वारांचंच मॉड्यूल घ्या, आणि प्रत्येक वार त्याच वाराकडे नेणारं साधं फलन घ्या. ते मधल्या पूर्णांकांवरून जाऊ शकेल का? त्यासाठी सोमवारला एक क्रमांक द्यावा लागेल: १, ८, −६, सोमवारी येणारा कुठलाही. त्याला k म्हणू. पण सात सोमवारांची बेरीज रविवार, म्हणजे शून्य. बेरीज राखायची तर ७k हेही शून्यच हवं, आणि पूर्णांकांत त्यासाठी k शून्यच असावा लागतो. शून्य क्रमांकाला तर रविवार येतो. वारांपासून वारांकडे जाणारी होमोमॉर्फिझम सात आहेत. त्यांतलं फक्त शून्य फलन पूर्णांकांवरून येतं, उरलेली सहा अडतात.

दर वेळी असं अडतंच असं नाही. मॉड्युलो २ पासून सुरुवात करा. उजवीकडेही मॉड्युलो २, सम-विषम सांगणारं. मध्ये मॉड्युलो ६ असेल तर १ च्या जागी ३ निवडता येतो: तो विषम आहे, आणि ३ + ३ = ६, म्हणजे शून्य. मध्ये मॉड्युलो ४ असेल तर विषम पर्याय दोनच, १ आणि ३. १ + १ = २; ३ + ३ = ६, म्हणजे पुन्हा २. शून्य काही येत नाही.

फरक कुठून आला तो नेमका सांगता येतो. डावीकडच्या मॉड्यूलला A म्हणू. Z/n मधल्या १ साठी मधल्या मॉड्यूलमधला एक घटक b निवडला, तर nb उजवीकडे शून्य होतो. म्हणून तो A मध्येच असतो. तो शून्य नसेल तर b मध्ये A मधला एखादा घटक a मिळवून दुरुस्ती करून पाहता येते, पण त्याने nb मध्ये na इतकाच फरक पडतो. म्हणजे nb हा A मधल्या कुठल्या तरी घटकाची n पट असेल तरच दुरुस्ती जमते. मॉड्युलो ६ च्या उदाहरणात A म्हणजे ०, २, ४; त्यातला प्रत्येक घटक कशाची तरी दुप्पट आहे, अगदी २ सुद्धा, कारण ४ + ४ = ८, म्हणजे २. मॉड्युलो ४ मध्ये A म्हणजे ० आणि २. दोघांची दुप्पट शून्य, म्हणून २ तसाच उरतो.

न सुटणाऱ्या या अडथळ्यांची मोजदाद A/nA करतं. त्याचंच नाव Ext(Z/n, A). सॅम्युएल आयलेनबर्ग आणि साँडर्स मॅक लेन यांनी १९४२ च्या शोधनिबंधात Ext मांडला. M म्हणून Z घेतलं तर हा अडथळाच येत नाही: Z मधला १ कितीही वेळा मिळवला तरी शून्य होत नाही, त्यामुळे त्याच्यासाठी कुठलाही b चालतो.