फोन दूर ठेवा, पण आवाज पूर्ण ठेवा

सांगली जिल्ह्यात कडेगाव तालुक्यात मोहित्यांचे वडगाव नावाचं गाव आहे. 15 ऑगस्ट 2022 पासून तिथं रोज संध्याकाळी सात वाजता मंदिरावरचा भोंगा वाजू लागला. भोंगा झाला की घरोघरी टीव्ही आणि मोबाइल बंद, आणि साडेआठपर्यंत लेकरं अभ्यासाला. लातूर-बार्शी रस्त्यावरच्या आपल्या मुरुडमध्ये हे जमणं अवघड आहे (समुद्राकाठचं मुरुड वेगळं). हे बाजाराचं गाव, आणि सात ही तर ऐन गिऱ्हाइकीची वेळ. सगळं गाव थांबणार नाही. पण नीटची तयारी करणाऱ्या एका पोरीच्या एका खोलीपुरता भोंगा वाजवता येतो, आणि तो तिच्या फोनमध्येच बसवलेला आहे.

तो कसा लावायचा हे सांगण्याआधी फोन नेमका काय करतो ते पाहू, कारण ते चकित करणारं आहे.

2017 साली अमेरिकेतल्या टेक्सास विद्यापीठातल्या एड्रियन वॉर्ड आणि सहकाऱ्यांनी एक प्रयोग प्रसिद्ध केला. सगळ्यांचे फोन मुके केलेले होते, थरथरणंसुद्धा बंद. काहींनी फोन टेबलावर पालथा ठेवला, काहींनी खिशात किंवा पिशवीत, आणि काहींनी शेजारच्या खोलीत. मग लक्षात ठेवण्याची आणि कोडी सोडवण्याची परीक्षा घेतली. शेजारच्या खोलीत फोन असलेले सगळ्यांत पुढे, टेबलावर फोन असलेले सगळ्यांत मागे! विचारलं तर बहुतेकांचं म्हणणं असं, की फोनचा विचारही मनात आला नव्हता. पुढच्या प्रयोगात काहींचे फोन पूर्ण बंद करून पाहिले, तरी फरक पडला नाही. पुढे इतरांनी हेच करून पाहिलं तेव्हा सगळ्यांना हा परिणाम सापडला नाही, म्हणून त्याला ब्रह्मवाक्य मानू नये. पण शेजारच्या खोलीत फोन ठेवायला खर्च काहीच नाही.

दुसरा प्रयोग 2015 चा, फ्लोरिडा राज्य विद्यापीठातला. लक्ष देऊन करायचं एक कंटाळवाणं काम चालू असताना काहींच्या फोनवर कॉल किंवा मेसेज पाठवले. त्यांनी फोनला हातही लावला नाही, तरी त्यांच्या चुका वाढल्या, आणि त्या जवळजवळ फोन वापरत काम करणाऱ्यांइतक्या. म्हणजे मेसेज वाचला नाही तरी ‘कुणाचा असेल?’ हा प्रश्न आपलं काम करून जातो.

मग फोन सायलेंट करावा, असं कुणीही म्हणेल. इथेच गोष्ट उलटी फिरते. पेनसिल्व्हेनिया राज्य विद्यापीठाच्या मेंगची लिआओ आणि श्याम सुंदर यांनी 2022 मध्ये दाखवलं, की काहीतरी हुकेल अशी धास्ती ज्यांना जास्त असते ते सायलेंट फोन उलट जास्त वेळा पाहतात. मला हे अगदी पटतं. मुका फोन काही सांगत नाही, म्हणून आपणच जाऊन विचारतो. आणि मुरुडातली पोरगी दारं लावून अभ्यास करत असताना तिला खरी धास्ती इन्स्टाग्रामची नसते. शेतावर गेलेल्या वडलांचा फोन हुकेल ही असते.

म्हणून उपाय असा: फोन पुढच्या खोलीत, आवाज पूर्ण वाढवलेला, पण वाजू द्यायचा फक्त ठरलेल्या माणसांसाठी.

अँड्रॉइडमध्ये सेटिंगच्या शोधपट्टीत Do Not Disturb लिहा. प्रत्येक कंपनीच्या फोनवर मांडणी थोडी वेगळी असते, पण शोधल्यावर सापडतं. तिथं वेळापत्रक लावा: सोमवार ते शनिवार, 7 ते 8:30. मग कॉलच्या परवानगीत Starred contacts निवडा आणि आई, वडील, आजोबा यांच्या नावांपुढे फोनबुकात तारा लावा. खाली Repeat callers नावाचा एक पर्याय असतो, तो चालू करा. यात एक सुंदर युक्ती आहे. तोच नंबर पंधरा मिनिटांत दुसऱ्यांदा आला तर फोन वाजतो, मग तो यादीत असो वा नसो. दवाखान्यातून अनोळखी नंबरवरून कुणी फोन केला तर तो माणूस पुन्हा लावतोच. गंमत म्हणून फोन करणारा मित्र बहुधा लावत नाही. घरच्यांना एवढंच सांगून ठेवा, की तातडीचं असेल तर साधा कॉल करा. व्हॉट्सअ‍ॅप कॉल या चाळणीतून येईलच असं नाही. अलार्म मात्र नेहमीच्या मांडणीत या काळातही वाजतो, म्हणून साडेआठचा अलार्म खुशाल लावा.

अडचण येते ती लेक्चर फोनवरच असेल तेव्हा. तेव्हा फोन खोलीत आणावाच लागतो. त्यासाठी सुरक्षेच्या सेटिंगमध्ये App pinning असतं. ते चालू करून सोबतचा पिन मागण्याचा पर्यायही लावा. मग लेक्चरचं अ‍ॅप उघडून, अलीकडच्या अ‍ॅपच्या पडद्यावर त्याच्या चिन्हाला हात लावून Pin म्हणा. आता पिन टाकल्याशिवाय दुसरीकडे जाता येत नाही. पिन तिला पाठ आहेच, पण अंगठा सवयीनं सरकतो तेव्हा मध्ये चार आकडे आले की आपण काय करतोय हे लक्षात येतं. लेक्चर आधी उतरवून घेऊन डेटा बंद ठेवता आला तर आणखी चांगलं. लेक्चर संपलं की फोन परत पुढच्या खोलीत.

आता टेबल. फोन बाहेर गेला तरी तो परत आत येतो कामाच्या निमित्तानं: किती वाजले, गुणाकार किती, आणि लाइट गेली की टॉर्च. ही कामं त्याच्याकडून काढून घ्यायची. समोर एक साधं घड्याळ, शेजारी चार्ज होणारा दिवा. कॅल्क्युलेटर ठेवूच नका, नीटला तो चालत नाही. 2025 च्या परीक्षेत 180 मिनिटांत 180 प्रश्न होते आणि आकडेमोड हातानंच करायची होती. बसल्यावर तिची पाठ रस्त्याकडच्या खिडकीला असावी.

आणखी एक वही लागते, उलटी उघडायची. लक्ष मोडणारे सगळे बाहेरून येत नाहीत. कॅलिफोर्निया विद्यापीठातल्या ग्लोरिया मार्क यांनी कचेरीतल्या माणसांवर दिवसभर नजर ठेवली, तेव्हा जवळपास निम्म्या वेळा माणसंच स्वतःचं काम मोडताना दिसली. क्लासची फी भरायची राहिली, मैत्रिणीला नोट्स मागायच्या आहेत, असं काही आठवलं की एका ओळीत त्या वहीत लिहायचं आणि पुढे चालू. साडेआठनंतर ती यादी आणि फोन एकत्र हातात घ्यायचे.

हे चाललंय का, ते फोनलाच विचारा. सेटिंगमधल्या Digital Wellbeing मध्ये बऱ्याच फोनवर दिवसभराचा वापर तासातासाचा दिसतो. आठवडाभरानं सात ते आठच्या तासातला उभा पट्टा पाहा. लेक्चर नसलेल्या दिवशी तिथं पट्टा उभा असेल, तर सेटिंग बदलत बसू नका. फोन आणखी एक खोली लांब ठेवा.