खोलीचे भाडे आणि दवाखान्याचे संपूर्ण बिल

सुरगाण्यात ग्रामीण रुग्णालय आहे. परंतु मोठ्या शस्त्रक्रियेची वेळ आली की दिंडोरी-वणीच्या रस्त्याने नाशिक गाठावे लागते. रुग्णासोबत घरातील दोघे जण तरी जातात. रोज गावी परतणे शक्य नसल्याने त्यांनाही दवाखान्यातच राहावे लागते. साहजिकच कुटुंबाचा कल स्वतंत्र खोलीकडे असतो. दाखल करताना भाडे विचारले जाते, विम्याची मर्यादा आठवते आणि व्यापारी मन चटकन हिशेब मांडते : "पॉलिसीत दिवसाला तीन हजार आहेत, खोली सहा हजारांची आहे. वरचे तीन हजार आपण भरू. पाच दिवसांचे पंधरा हजार होतील, एवढेच ना?"

दुकानाच्या रीतीने हा हिशेब अगदी बरोबर आहे. एका मालाचा भाव अधिक लागला म्हणून इतर मालाची रक्कम कोणी कापत नाही. आरोग्य विम्यात मात्र येथेच फसगत होते. खोली मर्यादेपेक्षा महाग घेतली, तर ज्या प्रमाणात भाडे वाढले त्याच प्रमाणात डॉक्टरांची फी, शस्त्रक्रियागृहाचा आकार, भूलतज्ज्ञांचे मानधन हेही कापले जाते. याला प्रमाणशीर कपात किंवा ‘प्रपोर्शनेट डिडक्शन’ म्हणतात.

ही कपात समजण्यासाठी प्रथम दवाखान्याचे दरपत्रक पाहावे. अनेक खासगी रुग्णालयांत एकाच शस्त्रक्रियेचे चार दर असतात : जनरल वॉर्डचा एक, दोन खाटांच्या खोलीचा दुसरा, स्वतंत्र खोलीचा तिसरा आणि डिलक्सचा चौथा. शल्यविशारद तेच, शस्त्रक्रियागृह तेच, टाकेही तेच. परंतु रुग्ण कोणत्या खोलीत आहे त्यावरून फी ठरते. म्हणजे खोली निवडताना आपण केवळ खाट निवडत नसतो, बिलाचा संपूर्ण स्तर निवडत असतो. विमा कंपनीचे म्हणणे असे की, रुग्ण मर्यादेतील खोलीत राहिला असता तर शस्त्रक्रियेचा आकारही कमीच लागला असता. त्या वाढीव आकाराचा भार आम्ही का उचलावा?

या युक्तिवादात तथ्य आहे, पण मोजमाप ढोबळ आहे. वरच्या वर्गात खोलीचे भाडे दुप्पट झाले म्हणून शल्यविशारदाची फीही दुप्पट होतेच असे नाही. ती बहुधा त्याहून कमी प्रमाणात वाढते. तरीही कपात मात्र भाड्याच्याच प्रमाणात केली जाते. म्हणून तोटा आपल्या अंदाजापेक्षा पुष्कळच मोठा निघतो.

एक काल्पनिक उदाहरण सोडवून पाहू. विमा रक्कम तीन लाख आणि खोलीची मर्यादा तिच्या एक टक्का, म्हणजे दिवसाला ३,००० रुपये. हाड मोडल्याने पट्टी बसवण्याची शस्त्रक्रिया झाली आणि रुग्ण सहा हजारांच्या खोलीत पाच दिवस राहिला. खोलीचे भाडे ३०,००० झाले. डॉक्टर, भूलतज्ज्ञ व शस्त्रक्रियागृह मिळून १,००,००० झाले. औषधे व वापराचे साहित्य ४०,०००, हाडातील पट्टी व स्क्रू ३०,००० आणि तपासण्या १५,०००. एकूण बिल २,१५,००० रुपये. रक्कम तीन लाखांच्या आतच असल्याने कुटुंब निश्चिंत असते.

परंतु मंजूर भाडे प्रत्यक्ष भाड्याच्या निम्मे आहे. म्हणून खोलीचे १५,००० कापले जातात आणि डॉक्टर व शस्त्रक्रियागृहाच्या एक लाखातूनही ५०,००० जातात. पंधरा हजारांची तयारी ठेवलेल्या घराला ६५,००० रुपये पदरचे भरावे लागतात. खोलीचे वरचे भाडे रोखीने चुकते केले तरी ही कपात टळत नाही, कारण दवाखान्याने उरलेले बिल त्या वरच्या वर्गाच्या दरानेच केलेले असते.

आता दुसरी बाजू पाहू. ही कपात सरसकट संपूर्ण बिलावर करता येत नाही. विमा नियामक प्राधिकरणाने, म्हणजे आयआरडीएआयने, जून २०२० मध्ये याविषयी नियम घालून दिले. त्यानुसार औषधे व वापराचे साहित्य, शरीरात बसवलेली उपकरणे आणि तपासण्या यांवर प्रमाणशीर कपात लावता येत नाही. अतिदक्षता विभागाच्या आकारालाही ती लागू नाही. तसेच ज्या रुग्णालयात खोलीनुसार दर बदलत नाहीत, किंवा ज्या बाबीचा दर सर्व वर्गांना एकच आहे, तेथेही ती करता येत नाही.

वरील उदाहरणात औषधे, पट्टी-स्क्रू आणि तपासण्या मिळून ८५,००० होतात. पॉलिसीतील इतर कोणतीही वजावट लागू नसेल, तर ही रक्कम पूर्ण मिळाली पाहिजे. एखाद्या कंपनीने संपूर्ण बिलच निम्मे केले, तर कपात ६५,००० ऐवजी १,०७,५०० होईल. म्हणजे ४२,५०० रुपये नियमाबाहेर गेले. म्हणून दाव्याचे मंजुरीपत्र हाती आले की केवळ शेवटची बेरीज पाहून ते कपाटात ठेवू नये. प्रत्येक बाबीसमोर किती मागितले, किती कापले आणि कोणते कारण दिले, हे खतावणी तपासावी तसे तपासावे. औषधांच्या किंवा तपासण्यांच्या ओळीत ‘प्रपोर्शनेट’ हा शब्द दिसला, तर कंपनीकडे लेखी हरकत घ्यावी. रुग्णालयाचा दर सर्व खोल्यांना एकच असेल, तर तसे पत्र रुग्णालयाकडून घेऊन हरकतीसोबत जोडावे.

कंपनीने तक्रार फेटाळली, किंवा महिनाभरात उत्तर दिले नाही, तर विमा लोकपालाकडे जाता येते. नाशिक जिल्ह्यासाठी हे कार्यालय पुण्यात आहे. तेथे शुल्क लागत नाही आणि वकीलही लागत नाही. मात्र एका वर्षाच्या आत तक्रार दाखल करावी लागते.

हा प्रसंगच येऊ नये यासाठी घरातील पॉलिसी आजच काढून ‘रूम रेंट’ची ओळ वाचावी. मर्यादा टक्क्यांत आहे, रुपयांत आहे, की खोलीच्या प्रकारात, ते पाहावे. तीत परिचर्येचा, म्हणजे नर्सिंगचा आकारही धरला आहे का, हे विशेष तपासावे. २०२० पासून सर्व कंपन्यांना विकणे बंधनकारक झालेल्या ‘आरोग्य संजीवनी’ पॉलिसीचेच उदाहरण घ्या : ती आली तेव्हा विमा रकमेच्या दोन टक्के, पण दिवसाला कमाल ५,००० रुपये, या मर्यादेत खोली, भोजन आणि नर्सिंग असे तिन्ही धरलेले होते. अशा वेळी ४,८०० रुपयांची खोली मर्यादेत वाटते. वर ५०० रुपये नर्सिंग लागले की मर्यादा ओलांडली जाते.

नूतनीकरणाच्या वेळी खोलीची मर्यादा नसलेली पॉलिसी, किंवा ती मर्यादा काढणारी पुरवणी, यांच्या हप्त्यातील फरक विचारून घ्यावा. वर्षाचा तो फरक आणि वरच्या उदाहरणातील ६५,००० शेजारी-शेजारी मांडले, की निर्णय घरच्या घरी करता येतो. पॉलिसी बदलणे शक्य नसेल, तर दाखल होताना रुग्णालयाच्या विमा कक्षात एकच प्रश्न विचारावा : "आमच्या मर्यादेत नर्सिंगसह कोणती खोली बसते?" आणि उत्तर मिळाल्यावरच खोली निवडावी.