तणसाच्या गॅसचे वजन

ब्रह्मपुरी, सिंदेवाही, आरमोरी, वडसा हा सगळा धानाचा पट्टा. मळणी झाली की बांधीत तणस उरते. काही गोठ्यात जाते, काही पेटवले जाते. याच तणसापासून गाडी चालवायचा गॅस, म्हणजे सीबीजी, करता येतो. तो सीएनजीच्याच टाकीत, तेवढ्याच दाबाने भरतात आणि त्यासाठी इंजिनात काही बदलावे लागत नाही. मग दोन्हींत फरक कुठे पडतो? वजनात.

शेण किंवा ओला कचरा कुजवून निघणाऱ्या कच्च्या गॅसमध्ये साधारण 60 टक्के मिथेन असतो, बाकी जवळपास सगळा कार्बन डायऑक्साइड. हे प्रमाण आकारमानाचे आहे. कार्बन डायऑक्साइड मिथेनच्या पावणेतीन पट जड असल्याने एक किलो कच्च्या गॅसमध्ये जळणारा मिथेन जेमतेम 350 ग्रॅम भरतो. म्हणून गॅस आधी शुद्ध करावा लागतो. वाहनाच्या बायोगॅससाठी भारतीय मानक आयएस 16087 आहे. त्यात मिथेन किमान 90 टक्के आणि कार्बन डायऑक्साइड जास्तीत जास्त 4 टक्के मान्य आहे.

चार टक्के ऐकायला किरकोळ वाटतात. पण उरलेला 96 टक्के मिथेन धरला, तरी किलोमागे सुमारे 100 ग्रॅम कार्बन डायऑक्साइडच निघतो. पंपावर गॅस किलोने विकतात. चांगल्या सीएनजीवर किलोला 25 किलोमीटर जाणारी गाडी अशा गॅसवर साडेबावीसच्या आसपास येईल. शुद्धीकरण नीट झाले तर हा फरक जवळजवळ उरत नाही. हायड्रोजन सल्फाइड मात्र राहता कामा नये. ओलाव्याबरोबर तो टाकी आणि व्हॉल्व्ह आतून खातो. कच्च्या गॅसला सडक्या अंड्यांचा वास येतो तो त्याचाच.

तणसाची अडचण आणखी वेगळी. त्यात सिलिका आणि लिग्निन भरपूर असल्याने जिवाणूंना ते सहज पचत नाही. न चिरता टाकले तर पाचकटाकीत वर तरंगते, साय धरते आणि गॅस अडतो. नत्रही कमी, म्हणून ते बारीक करून शेण मिसळावे लागते. पंजाबात संगरूर जिल्ह्यातल्या लेहरागागा येथे 2022 मध्ये सुरू झालेला प्रकल्प दिवसाला 300 टन पराळीतून 33 टन गॅस मिळवण्यासाठी उभारला आहे. म्हणजे किलोभर गॅसला नऊ किलो पेंढा. शहरी कचऱ्याचे उदाहरण इंदूरचे. तिथला प्रकल्प दिवसाला 550 टन ओला कचरा घेऊ शकतो, आणि तो चालतो कारण कचरा घरातच वेगळा केला जातो.

आपल्याकडे तणस हलके, गावे जंगलात विखुरलेली. गाडीत तणस कमी आणि हवाच जास्त जाते, म्हणून गठ्ठे दाबून बांधावे लागतात आणि प्रकल्प धानपट्ट्यातच हवा. गुरांच्या वाट्याचे तणस त्यासाठी उचलणे मला मान्य नाही. जे बांधीत पेटवले जाते, तेवढेच घ्यावे.

सीबीजी भरणाऱ्यांनी किलोमागचे किलोमीटर वहीत लिहून ठेवावेत. ते सतत दहा टक्क्यांनी कमी येऊ लागले, तर पंपावर गॅसच्या तपासणीचा दाखला मागा आणि त्यातला मिथेन व कार्बन डायऑक्साइडचा आकडा वाचा.