साठा आहे, पण बाहेर येत नाही
जेवणातली जादा साखर यकृत ग्लायकोजेन म्हणून साठवतं. उपाशीपोटी ते मोडून ग्लुकोज-सिक्स-फॉस्फेट बनतं, पण त्यातला फॉस्फेट काढल्याशिवाय ग्लुकोज रक्तात जात नाही. तो काढणारं एन्झाइमच फॉन गिर्के आजारात जन्मतः निकामी असतं. १९५२ मध्ये कोरी दांपत्याने हे दाखवलं. त्यामुळे दूध पाजून ३-४ तास झाले की बाळाची साखर घसरते, झटकेही येतात. अडकलेली साखर लॅक्टेट आणि चरबीकडे वळते, यकृत सुजून पोट पुढे येतं. थोड्या मोठ्या मुलांना न शिजवलेलं कॉर्नफ्लोअर पाण्यात कालवून देतात. कच्चं असल्याने ते हळूहळू पचतं आणि काही तास साखर टिकते. त्यासाठी आईवडील मध्यरात्रीही गजर लावून उठतात, कारण एक मात्रा चुकणंही जिवावर बेतू शकतं.