सविनय सादर : 140 पानांचा अहवाल आणि त्यावरचे एक पत्र

पंचायत समितीच्या कार्यालयात स्थानिक निधी लेखापरीक्षेचा अहवाल आला की आवक क्रमांक पडतो आणि तो लेखा शाखेकडे येतो. अहवाल जाडजूड असतो. गटविकास अधिकाऱ्यांकडे त्या दिवशी ग्रामसभेची तक्रार, घरकुलांचा आढावा आणि जिल्हा परिषदेतली बैठक हे सगळे असते. 140 पाने ते वाचणार नाहीत, आणि वाचावीत अशी अपेक्षाही योग्य नाही. म्हणून सहायक लेखाधिकारी एका पानाचा सारांश करतात, त्यावर अर्ध्या पानाचे पत्र लावतात आणि फाईल वर पाठवतात. पुढे कारवाई काय होणार, हे बहुतेक वेळा या दीड पानावर ठरते.

या दीड पानात नेहमी आढळणारी चूक म्हणजे पत्र आणि सारांश एकच गोष्ट सांगतात. पत्रात लिहिलेले असते, 'उपरोक्त विषयान्वये लेखापरीक्षा अहवाल प्राप्त झाला असून त्याचा सारांश सोबत जोडला आहे. माहिती व पुढील आदेशार्थ सविनय सादर.' यात चूक काहीच नाही, पण साहेबांनी आदेश कोणता द्यायचा हे कुठेच नाही. मग शेरा येतो 'पाहिले' किंवा 'नियमानुसार कार्यवाही करावी', आणि फाईल जिथून निघाली तिथेच परत येते.

सारांश लेखापरीक्षकाचा असतो आणि पत्र तुमचे असते, हा फरक आधी मनाशी पक्का हवा. सारांशात आक्षेप लेखापरीक्षकाने ज्या शब्दांत घेतला आहे त्याच अर्थाने, परिच्छेद क्रमांक आणि पृष्ठ क्रमांकासह यायला हवा. तिथे तो सौम्य करायचा नाही आणि तिथेच खुलासाही जोडायचा नाही. तुमचे म्हणणे, तुम्ही स्वतः तपासलेली कागदपत्रे, अहवालात नसलेली पण तुम्हाला ठाऊक असलेली गोष्ट, हे सगळे पत्रात लिहायचे.

समजण्यासाठी एक कल्पित अहवाल घेऊ. 62 परिच्छेद, आक्षेपित रक्कम 1 कोटी 86 लाख 40 हजार. सारांशाच्या पहिल्या ओळीत हाच आकडा टाकला तर वाचणारा हादरतो. अहवालाच्या दृष्टीने आकडा खरा आहे, पण त्यात तीन निरनिराळ्या गोष्टी एकत्र आल्या आहेत. 1 कोटी 42 लाखांचा आक्षेप प्रमाणके तपासणीला दाखवली नाहीत म्हणून आहे. 38 लाख 50 हजारांची उपयोगिता प्रमाणपत्रे ग्रामपंचायतींकडून आलेली नाहीत. खरी वसुली 5 लाख 90 हजारांचीच आहे. त्यात सात बांधकामांच्या 2 कोटी 10 लाखांच्या देयकांतून कापायचा राहिलेला एक टक्का कामगार उपकर, म्हणजे 2 लाख 10 हजार; गौण खनिजाच्या स्वामित्वधनाचे 2 लाख 60 हजार; आणि जादा दिलेल्या घरभाडे भत्त्याचे 1 लाख 20 हजार.

आता फक्त 'वसूलपात्र रक्कम 5 लाख 90 हजार' एवढेच लिहिले, तर साहेब निश्चिंत होतील. तेही तितकेच चुकीचे ठरेल. म्हणून एकूण रकमेची ही तीन भागांतली फोड सारांशात आलीच पाहिजे, आणि तिन्ही भागांची बेरीज अहवालातल्या एकूण रकमेशी जुळलीच पाहिजे. ती जुळली नाही तर एखादा परिच्छेद सुटला आहे किंवा एकच रक्कम दोनदा मोजली गेली आहे असे समजावे आणि अहवाल पुन्हा उघडावा.

पण या फोडीवरूनही धोका नेमका कुठे आहे ते कळत नाही, कारण ते अहवालातच नसते. 1 कोटी 42 लाखांची प्रमाणके खरोखर कुठे आहेत, हे कपाट उघडून पाहणाऱ्यालाच ठाऊक असते. समजा, 96 लाखांचे गठ्ठे उपअभियंता कार्यालयात सापडले, पण 46 लाखांची प्रमाणके कुठेच मिळाली नाहीत. मग या अहवालातली सर्वांत गंभीर बाब हीच. तसेच, उपकर आणि स्वामित्वधन ज्यांच्याकडून वसूल करायचे त्यांच्यापैकी तीन ठेकेदारांची सुरक्षा अनामत अजून कार्यालयाकडे आहे आणि दोषदायित्व कालावधी 18 जुलैला संपतो. एकदा अनामत परत गेली की तीच रक्कम मिळवण्यासाठी नोटिसा काढत बसावे लागते. पत्र लिहायचे ते या दोन गोष्टींसाठी.

असे पत्र साधारण पुढीलप्रमाणे होते :

'मा. गटविकास अधिकारी यांचे सेवेशी,

विषय : स्थानिक निधी लेखापरीक्षा अहवाल – दोन बाबींवर 15 जुलैपूर्वी आदेश मिळणेबाबत.

महोदय,
अहवालाचा एक पानी सारांश सोबत सादर करीत आहे. पुढील दोन बाबींवर आपले आदेश व्हावेत, ही विनंती.

1. परिच्छेद 14 मधील 46 लाखांची प्रमाणके शोध घेऊनही मिळालेली नाहीत. परिच्छेद 11 व 12 मधील 96 लाखांची प्रमाणके उपअभियंता कार्यालयात मी स्वतः पाहिली आहेत. परिच्छेद 14 बाबत तत्कालीन रोखपालांकडून लेखी खुलासा मागवण्यास मान्यता असावी.

2. तीन ठेकेदारांकडून वसूलपात्र 2 लाख 95 हजार रुपये त्यांच्या सुरक्षा अनामतीतून वळते करणे शक्य आहे. दोषदायित्व कालावधी 18 जुलैला संपत असल्याने वसुली होईपर्यंत अनामत परत न करण्याचे आदेश व्हावेत. ठेकेदारांना द्यावयाच्या नोटिशींचा मसुदा सोबत आहे.

परिच्छेद 31 व 32 माझ्या शाखेसंबंधी आहेत. त्यांवरील अनुपालन अन्य अधिकाऱ्याकडून तपासून घ्यावे, ही विनंती.

सोबत : सारांश (1 पान), नोटिशीचा मसुदा, मूळ अहवाल (140 पाने).'

विषयाच्या ओळीत तारीख आहे, हे ध्यानात घ्या. फाइलींच्या ढिगाऱ्यात फक्त विषय वाचला जातो. शेवटून दुसरा परिच्छेद बरेच जण लिहायचे टाळतात. पण सारांश करणाऱ्याच्या शाखेवरच आक्षेप असेल आणि त्याने ते सांगितले नाही, तर पुढे त्याच्या सारांशातल्या प्रत्येक ओळीवर शंका घेतली जाते. ते आधीच लिहिलेले असले की बाकीचे पान विश्वासाने वाचले जाते.

'मी स्वतः पाहिली आहेत' हे शब्दही जपून वापरायचे. कनिष्ठ लिपिकाने सांगितले म्हणून 'प्रमाणके उपलब्ध आहेत' असे लिहिले आणि फेरतपासणीच्या दिवशी गठ्ठ्यात भलत्याच वर्षाचे कागद निघाले, तर मूळ आक्षेपाच्या जोडीला चुकीचा अहवाल दिल्याचा ठपका येतो. खात्री नसेल तर 'शोध सुरू आहे' एवढेच लिहावे.

उरलेल्या परिच्छेदांचे काय? एका पानात 62 परिच्छेद मावत नाहीत आणि मावावेत असा प्रयत्नही करू नये. अक्षर बारीक करून सगळे कोंबले की तो सारांश राहत नाही, अनुक्रमणिका होते. रकमेचे आणि मुदतीचे परिच्छेद घ्यावेत आणि बाकीच्यांसाठी एकच ओळ लिहावी : 'उर्वरित परिच्छेद नोंदवह्या अद्ययावत नसणे अशा स्वरूपाचे असून त्यांचे अनुपालन संबंधित शाखांकडून मागवले आहे.' जुन्या वर्षांचे प्रलंबित परिच्छेद मात्र वगळू नयेत. तोच आक्षेप सलग वर्षानुवर्षे येत असेल तर ते पानावर दिसायलाच हवे, कारण नवा अधिकारी बदलून आलेला असतो आणि त्याला मागचे माहीत नसते.

लेखापरीक्षेचे परिच्छेद लवकर मिटत नाहीत. विधिमंडळाची पंचायती राज समिती दौऱ्यावर येते तेव्हा जुन्या वर्षांचे आक्षेप समोर ठेवून प्रश्न विचारते. त्या वेळी अहवाल आला त्या दिवसाचे साहेब आणि लेखाधिकारी, दोघेही बदलून गेलेले असू शकतात. म्हणून शेरा आणि तारीख असलेली या पत्राची प्रत जावक नस्तीत सोडून देऊ नका. मूळ अहवालाच्या पहिल्या पानावरच लावून ठेवा.