दहा शेअरनंतर जोखीम किती घटते?

पोर्टफोलिओतील शेअरची संख्या वाढवली की जोखीम कमी होते, पण ती शून्यापर्यंत जात नाही. किती कमी होते आणि कुठे थांबते, याचा हिशेब हॅरी मार्कोविट्झ यांनी 1952 मध्ये मांडलेल्या पद्धतीने करता येतो. त्यासाठी एक सोपी स्थिती गृहीत धरू. सर्व शेअरमध्ये सारखीच रक्कम गुंतवली आहे, प्रत्येकाचा वार्षिक परतावा सरासरीच्या आसपास सारखाच, म्हणजे 30 टक्के प्रमाण विचलनाने, हलतो आणि कोणत्याही दोन शेअरमधील सहसंबंध 0.3 आहे. प्रमाण विचलनाचा वर्ग म्हणजे प्रचरण. एका शेअरचे प्रचरण इथे 900 आहे.

दहा शेअर घेतले, तर दहा ओळी आणि दहा स्तंभांचा शंभर चौकटींचा तक्ता तयार होतो. कर्णावरच्या दहा चौकटींत प्रत्येक शेअरचे स्वतःचे प्रचरण, 900, येते. उरलेल्या नव्वद चौकटींत जोड्यांचे सहप्रचरण येते, ते 900 च्या 0.3 पट, म्हणजे 270. सगळ्यांची बेरीज 33,300. प्रत्येक शेअरचा वाटा एक दशांश असल्याने तिला शंभराने भागायचे. पोर्टफोलिओचे प्रचरण येते 333.

शेअर वाढतात तशा कर्णाबाहेरच्या चौकटी फार वेगाने वाढतात. शेअरचा स्वतःचा चढउतार तक्त्यात नगण्य होतो आणि त्यांची एकत्र हलण्याची सवय तेवढी उरते. सूत्रात हे असे दिसते:

σ² × [ρ + (1 − ρ)/n]

n ही शेअरची संख्या आणि ρ हा सहसंबंध. कंसातले दुसरे पदच n वाढल्यावर घटते. पहिले जागचे हलत नाही. म्हणून 900 पैकी 270 हा तळ आहे आणि घालवता येण्याजोगे आहेत ते 630. त्यातले निम्मे दुसरा शेअर घेताच जातात. दहाव्या शेअरपर्यंत नऊ दशांश गेलेले असतात. विसाव्याला प्रचरण 301.5 वर येते, म्हणजे पुढच्या दहा शेअरनी मिळून जेमतेम 31.5 कमी केले. प्रमाण विचलनात पाहिले तर 18.2 टक्क्यांवरून 17.4 टक्के. इतक्यासाठी आणखी दहा कंपन्यांचे ताळेबंद वाचत बसायचे का, हा प्रश्न रास्तच आहे.

या हिशेबाची दुखरी बाजू ρ आहे, कारण तो स्थिर राहत नाही. 23 मार्च 2020 रोजी सेन्सेक्स एका दिवसात सुमारे 13 टक्के कोसळला, तेव्हा जवळपास सगळेच शेअर एकत्र खाली आले. ρ जर 0.7 झाला, तर वरच्याच दहा शेअरचे प्रचरण 333 वरून 657 होते. ऐन गरजेच्या वेळी विविधीकरण तोकडे पडते ते यामुळे.

एकाच क्षेत्रातले शेअर गोळा करणाऱ्याचा ρ मुळातच जास्त असतो. तो 0.6 धरला, तर वीस बँकांचे प्रचरण 558 येते, 0.3 सहसंबंध असलेल्या वेगवेगळ्या उद्योगांतल्या पाचच शेअरचे 396.