आकृती शब्दांत कशी सांगावी?

वसई-विरारला पाणी देणाऱ्या सूर्या प्रादेशिक योजनेची रचना चौकटी आणि बाणांच्या आकृतीत दाखवता येते. दृष्टिहीन सहकाऱ्याला मात्र ‘योजनेची आकृती’ एवढ्या पर्यायी मजकुरातून काहीच कळत नाही. ‘डावीकडे निळी चौकट, तिच्यावरून बाण’ हे वर्णनही निरुपयोगी, कारण त्यातून चित्र कळते, योजना नाही.

मजकूर दोन ठिकाणी विभागावा. स्क्रीन रीडर `alt` मधला मजकूर सलग वाचतो. त्यात शीर्षके किंवा याद्या करता येत नाहीत. म्हणून तिथे फक्त सार द्यावे: ‘सूर्या योजना: एक उद्भव, एक शुद्धीकरण केंद्र, दोन शहरे. तपशील खाली.’

तपशील आकृतीखाली साध्या परिच्छेदात, पाण्याच्या वाटेने लिहावा: ‘कवडास बंधाऱ्यातून उपसलेले पाणी सूर्यानगरच्या केंद्रात शुद्ध होते. केंद्राची क्षमता रोज 403 दशलक्ष लिटर. पुढे दोन वाटे: वसई-विरारला 185, मीरा-भाईंदरला 218. वसई-विरारचा वाटा काशिदकोपरच्या जलाशयात येतो.’ बाण म्हणजे क्रियापद. ‘जोडलेले आहे’ असे मोघम लिहिले की प्रवाहाची दिशा हरवते. फाटा फुटतो तिथे आधी किती वाटा ते सांगावे, मग एकेक वाट शेवटपर्यंत न्यावी. सॉफ्टवेअरच्या आकृतीत पाण्याच्या जागी विनंती किंवा माहिती येते, एवढाच फरक.

वर्णन जमले का, हे एका प्रश्नाने कळते: शुद्धीकरण केंद्र बंद पडले तर कुणाचे पाणी थांबेल? आकृती न पाहता ‘दोन्ही शहरांचे’ हे उत्तर आले पाहिजे.